वीज मीटरची घरगुती पडताळणी

वीज मीटरची घरगुती पडताळणी म्हणजे घरातील सर्व विद्युत उपकरणे बंद करून, मीटरवरील लुकलुकणाऱ्या लाल दिव्याचे निरीक्षण करून आणि त्याच्या दोन लुकलुकींमधील वेळ मोजून मीटर प्रमाणापेक्षा अधिक वापर नोंदवतो का, हे पाहण्याची पद्धत होय. बोलीभाषेत ज्याला 'मीटर पळतो' किंवा 'मीटर फास्ट आहे' असे म्हणतात, त्या तक्रारीत तथ्य किती आहे याचा प्राथमिक अंदाज या पद्धतीने येतो. तिच्यासाठी घड्याळ, कागद आणि मीटरवर छापलेला एक आकडा एवढ्यावर भागते. मीटर उघडण्याची किंवा त्याच्या तारांना हात लावण्याची गरज नसते. या पडताळणीचा निष्कर्ष अधिकृत चाचणीची जागा घेऊ शकत नाही, मात्र अधिकृत चाचणीची मागणी करावी की वाढीव बिलाचे कारण अन्यत्र शोधावे, हे तिच्यावरून ठरवता येते.

## दिव्याचा अर्थ

घरोघरी असणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये ठरावीक ऊर्जा मोजली गेली की लाल दिवा एकदा लुकलुकतो. एका युनिटसाठी, म्हणजे एका किलोवॅट-तासासाठी, तो किती वेळा लुकलुकेल हा आकडा मीटरच्या दर्शनी पट्टीवर `imp/kWh` या अक्षरांजवळ छापलेला असतो. त्यास मीटरचा स्थिरांक म्हणतात. भारतातील एकफेजी घरगुती मीटरवर बहुधा ३२०० हा आकडा आढळतो, तथापि १६०० किंवा ६४०० स्थिरांकाचे मीटरही असतात. त्यामुळे आपल्या मीटरवरील आकडा वाचल्याखेरीज कोणतेही गणित करू नये. काही मीटरवर एकाहून अधिक दिवे असतात. त्यांपैकी `imp/kWh` असे लिहिलेला दिवाच या पडताळणीसाठी उपयोगी पडतो.

स्थिरांक ३२०० असल्यास एका लुकलुकीमागे १००० ÷ ३२०० = ०.३१२५ वॅट-तास इतकी ऊर्जा असते. दोन लुकलुकींमधील वेळ मोजल्यास त्या क्षणी घरात किती वॅट शक्ती वापरली जात आहे, हे पुढील सूत्राने काढता येते.

शक्ती (वॅट) = ३६,००,००० ÷ (स्थिरांक × सेकंद)

३२०० स्थिरांकाच्या मीटरसाठी हेच सूत्र 'शक्ती = ११२५ ÷ सेकंद' इतके सोपे होते. उदाहरणार्थ, दर ११ सेकंदांनी दिवा लुकलुकत असेल तर वापर सुमारे १०० वॅट आहे आणि दर सेकंदाला लुकलुकत असेल तर ११२५ वॅट आहे. दिवा भरभर लुकलुकणे हा स्वतः दोष नव्हे. गिझर चालू असताना तो भरभर लुकलुकणारच. तो जितक्या वेगाने लुकलुकायला हवा त्याहून अधिक वेगाने लुकलुकत असेल, तरच शंकेला जागा राहते.

पूर्वीच्या मीटरमध्ये दिव्याऐवजी ॲल्युमिनियमची चकती फिरत असे आणि स्थिरांक फेऱ्यांच्या संख्येत दिलेला असे. वापर नसतानाही ती चकती हळूहळू सरकत राहण्याचा दोष उद्भवत असे व तो टाळण्यासाठी चकतीला छिद्रे पाडलेली असत. 'सर्व बंद करून मीटर फिरतो का पाहा' हा घरगुती सल्ला चकतीच्या काळातीलच आहे. दिव्याच्या मीटरलाही तो लागू पडतो, पण त्याचा अर्थ लावताना काही गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात.

## पहिला टप्पा : मेन स्विच बंद करून पाहणे

प्रथम बिलावरील मीटर क्रमांक आणि प्रत्यक्ष मीटरवरील क्रमांक जुळवून पाहावा. त्यानंतर घरातील मेन स्विच बंद करून अर्धा तास दिव्याकडे लक्ष ठेवावे. भार नसताना मीटरने वापर नोंदवू नये, ही अट मीटरच्या मानकांतच असते. कारखान्यातील चाचणीत मीटरला नेहमीपेक्षा थोडा अधिक दाब देऊन, प्रवाह शून्य ठेवून, ठरावीक वेळ थांबतात आणि त्या वेळात एकाहून अधिक लुकलुक झाल्यास मीटर अनुत्तीर्ण ठरतो. सर्वसाधारण घरगुती मीटरसाठी ही वेळ अर्ध्या तासाच्या आसपास येते, म्हणूनच येथेही तितका वेळ थांबणे इष्ट ठरते. दोन-चार मिनिटांच्या निरीक्षणावरून काहीही सिद्ध होत नाही. काही मीटरमध्ये भार नसताना दिवा विझण्याऐवजी अखंड पेटलेला राहतो. तोही वापर नसल्याचाच संकेत असतो. मीटरच्या स्वतःच्या यंत्रणेला लागणारी अल्प वीज ग्राहकाच्या वापरात धरली जात नाही.

मेन स्विच बंद असतानाही दिवा लुकलुकत राहिला, तर मीटर सदोष आहे असा निष्कर्ष लगेच काढू नये. त्याआधी तीन शक्यता तपासाव्या लागतात.

पहिली शक्यता मीटरच्या अदलाबदलीची असते. इमारतीच्या तळमजल्यावर अनेक मीटर एकत्र बसवलेले असतात आणि जोडणी करताना दोन सदनिकांच्या तारा उलटसुलट झालेल्या असू शकतात. अशा वेळी घरातील मेन स्विच बंद केल्यावर आपल्या क्रमांकाचा मीटर चालूच राहतो आणि शेजारचा एखादा मीटर थांबतो. एकाने घरात स्विच चालू-बंद करावा आणि दुसऱ्याने मीटरच्या खोलीत उभे राहून कोणता दिवा थांबतो ते पाहावे. दोन-तीन वेळा असे केल्यास गोष्ट स्पष्ट होते. मीटर अचूक असूनही वर्षानुवर्षे चुकीचे बिल येण्याचे हे एक कारण असते.

दुसरी शक्यता मीटर आणि मेन स्विच यांच्या दरम्यानच्या तारेची असते. तिच्यावर जिन्यातील दिवा किंवा पाण्याचा पंप जोडलेला असू शकतो, अथवा तिचे आवरण झिजून वीज जमिनीकडे झिरपत असू शकते. हा वापर मीटरच्या पुढील बाजूस होत असल्याने मीटर तो योग्यच नोंदवतो.

तिसरी शक्यता न्यूट्रल तारेची असते आणि ती सहसा लक्षात येत नाही. भारतातील एकफेजी मीटर वीजचोरी रोखण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांतील प्रवाह मोजतात आणि दोहोंत लक्षणीय फरक आढळल्यास जो अधिक असेल त्यावरून वापर नोंदवतात. दोन घरांच्या वायरिंगमध्ये न्यूट्रल कोठेतरी एकत्र जोडली गेली असेल, तर शेजाऱ्याच्या घरातील प्रवाह आपल्या मीटरच्या न्यूट्रलमधून परत जाऊ शकतो. आपल्या घरातील स्विच केवळ फेज तोडणारा असेल, तर सर्व उपकरणे बंद असूनही दिवा लुकलुकतो. अशा वेळी अनेक मीटरवर प्रवाहातील असमतोल दाखवणारा दुसरा दिवा किंवा पडद्यावरील खूण उमटते. फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा दोनध्रुवी मेन स्विच बंद केल्यावर लुकलुक थांबत असेल आणि एकध्रुवी एमसीबी बंद केल्यावर थांबत नसेल, तर दोष मीटरचा नसून वायरिंगचा आहे असे समजावे. तो दूर करण्याचे काम परवानाधारक तंत्रज्ञाचे असते.

या तिन्ही शक्यता दूर झाल्यावरही, म्हणजे मीटरपासून घराकडे जाणाऱ्या तारा वितरण कंपनीच्या कर्मचाऱ्याने सोडवल्यावरही दिवा लुकलुकत राहिला, तरच मीटर भाराविना चालतो असे म्हणता येते.

## दुसरा टप्पा : मेन चालू, उपकरणे बंद

यानंतर मेन स्विच चालू करून सर्व उपकरणे त्यांच्या स्विचवरून बंद ठेवावीत. या स्थितीत दिवा लुकलुकला, तर घरात कोठेतरी वीज वापरली जात आहे. बहुतेक वेळा हा वापर सेट-टॉप बॉक्स, वाय-फाय राउटर, दारावरची घंटी यांसारख्या विसरलेल्या उपकरणांचा असतो. प्लग एकेक करून काढत गेल्यास प्रत्येक वेळी दोन लुकलुकींमधील अंतर वाढत जाते आणि कोणते उपकरण किती वॅट घेते हे कळते.

ज्या घरात इन्व्हर्टर आहे तेथे विशेष दक्षता घ्यावी लागते. पहिल्या टप्प्यात मेन स्विच बंद केल्यावर इन्व्हर्टर बॅटरीवर चालू लागतो आणि मेन पुन्हा चालू होताच खर्च झालेली वीज भरून काढण्यासाठी जोमाने बॅटरी भरू लागतो. त्यामुळे दुसऱ्या टप्प्यात दिवा अकारण वेगाने लुकलुकतो आणि निरीक्षकाची फसगत होते. म्हणून पडताळणी सुरू करण्यापूर्वीच इन्व्हर्टरचे उपकरण पूर्ण बंद करावे. छपरावर सौर पॅनेल असल्यास तेही यंत्रणेपासून अलग करावेत, कारण त्यांची वीज मीटरच्या नोंदीत मिसळते. शीतकपाट अर्धा-पाऊण तास बंद राहिल्याने बिघाड होत नाही, मात्र त्याचे दार उघडू नये. घरात रुग्णासाठी विजेवरचे उपकरण सुरू असल्यास ही पडताळणी टाळावी.

अत्यल्प भार मीटरच्या नोंदीत येतोच असे नाही. प्रवाह एका किमान मर्यादेच्या वर गेल्यावरच मीटर मोजणी सुरू करतो आणि घरगुती मीटरमध्ये ही मर्यादा काही वॅटइतकी असते. त्यामुळे मोबाइल न लावलेला चार्जर प्लगमध्ये असूनही दिवा स्तब्ध राहू शकतो.

## तिसरा टप्पा : ज्ञात भार देऊन वेळ मोजणे

पहिल्या दोन टप्प्यांतून मीटर विनाकारण चालतो का एवढेच कळते. चालताना तो जास्त नोंदवतो का, हे पाहण्यासाठी ज्याची शक्ती माहीत आहे असे एकच उपकरण लावावे लागते. यासाठी पाणी तापवण्याचा रॉड अधिक योग्य असतो. इस्त्रीत तापमान नियंत्रक असल्यामुळे ती मधूनच बंद पडते. इंडक्शन शेगडी आपली शक्ती सतत बदलते आणि पंख्यावर लिहिलेल्या वॅटचा प्रत्यक्ष वापराशी नेमका मेळ बसत नाही. रॉड पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवल्यानंतरच स्विच चालू करावा आणि चालू असताना पाण्याला किंवा बादलीला स्पर्श करू नये.

रॉडवर लिहिलेले वॅट विशिष्ट दाबासाठी, सहसा २३० व्होल्टसाठी, असतात. उष्णता देणाऱ्या उपकरणाची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टला १००० वॅट घेणारा रॉड २१५ व्होल्टला सुमारे ८७४ वॅट आणि २४५ व्होल्टला सुमारे ११३५ वॅट घेतो. ही दुरुस्ती न केल्यास निर्दोष मीटरही तेरा टक्के पळतो किंवा रेंगाळतो असे वाटू शकते. अनेक मीटरच्या पडद्यावर क्रमाने येणाऱ्या आकड्यांत दाबही दिसतो. रॉड चालू असताना दिसणारा आकडाच गणितात घ्यावा.

वेळ मोजताना एका लुकलुकीपेक्षा शंभर लुकलुकींचा एकत्रित काळ घ्यावा, म्हणजे घड्याळ सुरू व बंद करण्यातील चूक नगण्य ठरते. घड्याळ सुरू करतानाच्या लुकलुकीला 'शून्य' म्हणावे, 'एक' म्हणू नये. 'एक' म्हटल्यास शंभरपर्यंत प्रत्यक्षात नव्व्याण्णवच अंतरे मोजली जातात आणि मीटर एक टक्का पळत असल्याचा भास होतो. लुकलुक फार भरभर होत असेल तर मोबाइलवर चित्रफीत घेऊन ती सावकाश पाहत मोजणे सोयीचे असते.

## एक उदाहरण

एका सदनिकेचे बिल मागील महिन्यात १८० युनिटांचे होते आणि या महिन्यात ते ३१० युनिटांचे आले, असे समजू. मीटरचा स्थिरांक ३२०० आहे. मीटर क्रमांक बिलाशी जुळतो. मेन स्विच बंद केल्यावर अर्ध्या तासात दिवा एकदाही लुकलुकला नाही, म्हणजे मीटर भाराविना चालत नाही आणि अदलाबदलही झालेली नाही.

मेन चालू करून, पण प्लग तसेच ठेवून, सर्व दिवे-पंखे बंद केल्यावर दर २५ सेकंदांनी लुकलुक होते. ११२५ ÷ २५ = ४५ वॅट. इन्व्हर्टर, ज्याची बॅटरी आदल्या दिवसापासून पूर्ण भरलेली होती, काढल्यावर अंतर सुमारे ५४ सेकंद होते, म्हणजे २१ वॅट उरतात. सेट-टॉप बॉक्स काढल्यावर ते १२५ सेकंद होते, म्हणजे ९ वॅट. राउटर काढताच लुकलुक थांबते. ही तीन उपकरणे मिळून महिन्याला ४५ × ७२० ÷ १००० = सुमारे ३२ युनिटे खर्च करतात. तथापि ती मागील महिन्यातही चालूच होती, त्यामुळे या महिन्यातील वाढीचा उलगडा त्यांच्यावरून होत नाही.

त्यानंतर १००० वॅटचा रॉड एकटाच लावला. मीटरवर २३६ व्होल्ट दिसतात. अपेक्षित शक्ती १००० × (२३६ ÷ २३०)² = १०५३ वॅट. या शक्तीला शंभर लुकलुकींसाठी १०६.८ सेकंद लागावेत. प्रत्यक्षात १०४ सेकंद लागले. मीटरच्या मते शक्ती ११२५ × १०० ÷ १०४ = १०८२ वॅट आहे, म्हणजे अपेक्षेहून २.७ टक्के अधिक. हा फरक मीटरविरुद्ध पुरावा ठरत नाही, कारण रॉडवर छापलेल्या वॅटमध्येच याहून अधिक फरक असणे मान्य असते. हेच शंभर ठोके ८२ सेकंदांत पडले असते, तर मीटरच्या मते शक्ती १३७२ वॅट, म्हणजे ३० टक्के अधिक ठरली असती आणि अधिकृत चाचणीची मागणी रास्त झाली असती.

मीटर निर्दोष दिसल्यावर बिल बारकाईने पाहिले असता मागील महिन्याचे १८० युनिटांचे बिल प्रत्यक्ष वाचनावर नव्हे, तर सरासरीवर दिलेले होते असे आढळते. दोन्ही महिन्यांचा एकूण वापर ४९० युनिटे, म्हणजे दरमहा २४५ होतो. आधी कमी धरलेला वापर या महिन्यात भरून निघाला, एवढाच त्याचा अर्थ.

## मर्यादा

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २००६च्या मीटरविषयक विनियमांनुसार ६५० व्होल्टपर्यंतच्या ग्राहकांसाठी १.० किंवा त्याहून सरस अचूकता-वर्गाचा मीटर लागतो. त्याची चूक ठरावीक भारमर्यादेत एक टक्क्याच्या आत असावी लागते. उष्णता देणाऱ्या उपकरणांच्या छापील शक्तीत मात्र साधारण ५ टक्के अधिक ते १० टक्के उणे इतकी सूट असते. म्हणून रॉड लावून केलेल्या पडताळणीत दोन-तीन टक्क्यांचा दोष कळत नाही. दहा-पंधरा टक्क्यांच्या आतील फरकाला फारसे महत्त्व देऊ नये. वीस-तीस टक्क्यांचा फरक वेगवेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या उपकरणांनी पुन्हा आढळल्यास मात्र तो दुर्लक्षणीय राहत नाही.

दिवा योग्य वेगाने लुकलुकला तरी आकड्यांची नोंद स्वतंत्रपणे तपासणे चांगले. यांत्रिक अंकचक्रे असलेल्या जुन्या इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये दिवा बरोबर आणि चक्र चुकीचे अशी स्थिती संभवते. वरील रॉड २३६ व्होल्टला एक तास चालवल्यास नोंद साधारण १.०५ युनिटांनी वाढायला हवी.

आणखी एक मर्यादा भाराच्या स्वरूपाची आहे. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठात झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत नऊ इलेक्ट्रॉनिक मीटर तपासले गेले. मंदक लावलेल्या दिव्यांसारख्या, प्रवाह तुटक झटक्यांनी घेणाऱ्या भारावर त्यांपैकी पाच मीटरनी प्रत्यक्षापेक्षा बरीच अधिक नोंद केली व सर्वाधिक फरक ५८२ टक्के होता. काही मीटरनी उलट कमी नोंद केली. हे प्रयोग मुद्दाम टोकाच्या परिस्थितीत केले होते, त्यामुळे त्यांवरून सर्वसामान्य घरांविषयी निष्कर्ष काढता येत नाही. मात्र रॉडचा प्रवाह सुरळीत असतो. त्यामुळे रॉडवरील चाचणीत उत्तीर्ण झालेला मीटर तुटक प्रवाहाच्या भारावर असा दोष दाखवणारच नाही, असे म्हणता येत नाही, हेही खरे.

## अधिकृत चाचणी

घरगुती पडताळणीत ठळक फरक आढळल्यास त्याची तारीख, वेळ, दाब, लुकलुकींची संख्या आणि लागलेला काळ लिहून ठेवावा व वितरण कंपनीकडे मीटर तपासणीचा लेखी अर्ज करावा. निर्धारित शुल्क भरल्यावर मीटर प्रमाणित मीटरशी ताडून पाहिला जातो. महाराष्ट्रातील वीजपुरवठा संहितेनुसार मीटर सदोष ठरल्यास चाचणीच्या निष्कर्षाप्रमाणे बिलात दुरुस्ती होते आणि ती वाद उपस्थित झालेल्या महिन्यापूर्वीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांपुरती असते. त्यामुळे शंका आल्यावर अर्ज करण्यास विलंब केल्यास नुकसान ग्राहकाचेच होते. निर्णय मान्य नसल्यास ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यापुढे मुंबई किंवा नागपूर येथील विद्युत लोकपाल यांच्याकडे दाद मागता येते.

मीटरचे सील तोडणे किंवा मीटरमध्ये हस्तक्षेप करणे हा विद्युत अधिनियम, २००३ अन्वये गुन्हा आहे. सील तुटलेले आढळल्यास मीटर पळत असल्याची मूळ तक्रार बाजूला पडून ग्राहकावरच संशय येतो. म्हणून ही पडताळणी मीटरच्या बाहेरूनच, दिवा पाहून व वेळ मोजूनच केली जाते.